तोच होता का?

एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या जिथून दिसतात, तिथवरच्या दारणा नदीकाठच्या मळ्यांत अंजली पगारेला लोक वाघवाली मॅडम म्हणत. वाघ तिने आयुष्यात जंगलात एकदाच पाहिला होता, तोही लांबून. इकडे असतो तो बिबट्या. पण खेड्यात बिबट्यालाही वाघच म्हणतात, आणि तिनेही हळूहळू दुरुस्ती करणं सोडून दिलं होतं.

तिचे वडील वीजकेंद्रात कामाला होते. कॉलनीतल्या दोन खोल्यांत ती वाढली, नाशिकरोडला शिकली, प्राणिशास्त्रात एमएस्सी झाली. घरच्यांना वाटत होतं, आता पोरगी बँकेच्या परीक्षा देईल किंवा शाळेत लागेल. ती लागली एका लहानशा संस्थेत. बिबट्या असलेल्या गावांत जायचं, शाळेत नाहीतर देवळाच्या मंडपात पडदा लावायचा, फोटो दाखवायचे, काय केलं म्हणजे माणूस आणि जनावर दोघंही सुखरूप राहतील ते सांगायचं, असं ते काम. आईने विचारलं होतं, "याला नोकरी म्हणायची का?" अंजली म्हणाली होती, "पगार देतात, म्हणजे नोकरीच."

गंमत अशी, की चारचौघांत बोलणं तिला कधीच जमलं नव्हतं. शाळेत तोंडी परीक्षेला ती उत्तर येत असूनही गप्प उभी राहायची. पडद्यावर फोटो सरकत असले की निभायचं. बिबट्याची पिल्लं उसात कशी जन्मतात, ऊस तुटला की मादी का बिथरते, शेळ्यांच्या गोठ्याला दार का हवं, हे ती झोपेतही सांगू शकली असती. खरी कसोटी लागायची शेवटचा फोटो गेल्यावर. दिवे लागायचे, आणि मागच्या ओळीतून कुणीतरी उठायचं.

पहिल्या वर्षी एका गावात एक शेतकरी उठला होता. म्हणाला, "आमाला रात्रीची लाईट देता. रात्री दोनला पाणी भरायला वाघाच्या तोंडात जायचं का?" अंजलीने उत्तर दिलं, "वीज हा माझा विषय नाही." तो माणूस म्हणाला, "मग तुमचा इषय काय, फोटू?" आणि टोपी झटकून निघून गेला. त्याच्यामागे निम्मं गाव उठलं. तिचं वाक्य खरं होतं, पण त्या माणसाने विजेचं वेळापत्रक विचारलंच नव्हतं. तो सांगत होता, की तुमच्या सूचना माझ्या रात्रीत बसत नाहीत. हे तिला घरी जाताना स्कूटीवर कळलं. तेव्हापासून कार्यक्रमाहून परतताना ती हेल्मेटच्या आत एकटीच बोलत जायची. आज आलेले प्रश्न पुन्हा विचारायची आणि पुन्हा उत्तरं द्यायची. सिग्नलला शेजारचे दुचाकीवाले तिच्याकडे बघायचे.

असं सहा वर्षं चाललं होतं. मग पाटवाडीची घटना घडली.

पाटवाडी म्हणजे दारणेच्या काठाला उसाच्या पोटात वसलेली शंभरेक घरं. त्यातली बरीचशी मळ्यामळ्यांत विखुरलेली. ऊसतोड सुरू होती. एका संध्याकाळी वैष्णवी नावाची पाच वर्षांची मुलगी घराच्या ओट्याशी खेळत होती. आजी चुलीपुढे बसली होती, आई गाईची धार काढत होती. दोघींच्या मधोमध, हाकेच्या अंतरावरून बिबट्याने पोर उचलली. आजोबा सावळीराम काठी घेऊन उसात घुसले. पोर सापडली, दवाखान्यात नेली, पण वाचली नाही.

गावाने रस्ता अडवला. पिंजरे लागले. आठवड्याभराने एका पिंजऱ्यात बिबट्या अडकला आणि ती बातमी तालुकाभर मोबाईलवर फिरली. "नरभक्षक जेरबंद." फटाके वाजले. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला, पोरं पुन्हा संध्याकाळी अंगणात दिसू लागली.

सरपंच सुमनबाईंनी संस्थेला फोन केला, की आता एकदा येऊन लोकांना नीट माहिती द्या. संस्थेचे प्रमुख अश्विन सर अंजलीला म्हणाले, "आता वातावरण निवळलंय. जाऊन ये. धीर दे त्यांना."

अंजलीने विचारलं, "सर, मुलीच्या जखमेवरून घेतलेल्या लाळेच्या नमुन्यांचा अहवाल आला का? पकडलेला तोच आहे का, ते ठरलं?"

"नाही आला अजून. पण लोकांनी धरलंच आहे ना, तोच म्हणून. तू कशाला उकरून काढतेस?"

मी काढणार नाही, ती मनात म्हणाली, पण कुणी विचारलं तर? हे ती सरांना बोलली नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं.

कार्यक्रम दुपार कलताना होता. जागा शाळेचा मोठा वर्ग. एकच दार, त्याला बाहेरून सरकता लोखंडी दरवाजा, आणि खिडक्यांना गज. आत दोनशे माणसं दाटीवाटीने बसलेली, दारात उभी, व्हरांड्यात उभी. पडदा फळ्यावर होता, म्हणजे दारापासून सगळ्यात लांब. पडद्याकडे जायला अंजलीला सगळ्या गर्दीतून वाट काढावी लागली, तेव्हाच तिच्या मनात आलं, की परत जायचं झालं तर हीच वाट आहे. सोबत वनरक्षक योगेश होता. पंचविशीतला, अंगाने बारीक, याच बीटवर, म्हणजे वनखात्याच्या याच हद्दीत, दोन वर्षं असलेला. त्याच्या खाकी कपड्यांकडे लोक ज्या नजरेने बघत होते, त्यामुळे तो भिंतीला आणखीच चिकटला.

पहिल्या रांगेत सावळीराम बसले होते. पांढरं धोतर, गुडघ्यांवर दोन्ही हात. त्यांच्याकडे न बघता बोलणं अंजलीला जमेना, आणि बघून बोलणं तर त्याहून जमेना.

तरी फोटो पुढे सरकत राहिले. बिबट्या कुठे राहतो, काय खातो. मग तो फोटो आला, जो ती प्रत्येक गावात दाखवायची. अंगणात खेळणारी मुलं, आणि खाली मोठ्या अक्षरांत, "अंधार पडू लागल्यावर लहान मुलांना एकटे सोडू नका."

पुढच्या रांगांतली माणसं सावळीरामांकडे बघू लागली. अंजलीला ते वाक्य जणू पहिल्यांदाच दिसलं. सहा वर्षं हेच वाक्य तिने दाखवलं होतं, पण पोर गेलेल्या घराच्या समोर कधी दाखवलं नव्हतं.

"बंद करा ते," मागून कुणीतरी म्हणालं.

तिने बंद केलं. अजून पाच फोटो उरले होते. दिवे लागले आणि रावजी उठले. रावजी गावातले बोलके पुढारी, पन्नाशीचे. सभा कुठलीही असो, पहिला प्रश्न त्यांचा.

"मॅडम, तुमच्या गप्पा ऐकल्या. आता आमचं ऐका. हा वाघ तुम्हीच आणून सोडला हितं. दुसरीकडं पकडायचा आन् आमच्यात सोडायचा. बोला."

लोक गरजले. अंजलीच्या तोंडात लगेच उत्तर आलं, "असं काही नाही, ही अफवा आहे." तिने ते गिळलं. अफवा म्हटलं की समोरचा खोटा ठरतो, आणि मग तो प्रश्न विचारायचं सोडून भांडतो. तिने रावजींचं बोलणं पुरतं संपू दिलं. गलका ओसरायला जेवढा वेळ लागला तेवढा लागू दिला.

"आमच्या संस्थेला बिबट्या पकडता येत नाही की सोडताही येत नाही, तसा आम्हाला अधिकारच नाही," ती म्हणाली. "हे मी खात्रीने सांगते. दुसऱ्या कुणी सोडला का, हे तपासायला एक खूण असते. पकडलेल्या जनावराला सोडण्याआधी अंगात तांदळाएवढी चिप घालतात. यंत्र फिरवलं की कळतं. इथल्या पिंजऱ्यातल्या बिबट्यावर यंत्र फिरवलं तेव्हा मी नव्हते. योगेश होते. त्यांनाच विचारूया."

योगेश भिंतीपासून सुटला. म्हणाला, "मी होतो. दोनदा फिरवलं. चिप नव्हती. म्हणजे आधी कुणी पकडून, चिप घालून सोडलेला तो नव्हता."

"तू तर म्हणणारच."

"मी बघितलं तेवढंच सांगतोय, दादा."

रावजींचं समाधान झालं नाही, पण ते खाली बसले. लगेच तीनचार जण एकदम उठले. एक म्हणत होता, पिंजरा लावायला उशीर का केला. दुसरा म्हणाला, गोळी का घालत नाही. तिसरा म्हणाला, दिवसा लाईट द्या, मग वाघाबिघाचं बघू. अंजलीने हात वर केला. "एकेक घेते. तिन्ही घेते, एकही सोडत नाही. पिंजऱ्याला उशीर झाला. का झाला ते मला माहीत नाही, आणि कुणाची बाजू मी इथे मांडणार नाही. उशीर झाला हे खरं आहे. गोळीचा निर्णय वरून होतो. मंजुरी मागितली आहे की नाही, ते विचारून सांगेन."

"आन् लाईट?"

"लाईट माझ्या हातात नाही. पण रात्री पाणी भरायला जावं लागतं तोवर माझ्या निम्म्या सूचना तुमच्या कामाच्या नाहीत, हे मला मान्य आहे. ग्रामसभेने दिवसाच्या विजेचा ठराव केला, तर बिबट्याच्या धोक्याबद्दल जे लिहायचं ते मी लिहून देईन."

"तुमी कुटल्या?"

"एकलहऱ्याची. वडील तिथेच कामाला होते."

"म्हणजे बाप लाईट बनवायचा आन् पोरगी वाघाचं सांगती," कुणीतरी म्हणालं आणि थोडं हसू फुटलं. अंजलीही हसली. तेवढ्यापुरती खोलीतली हवा हलकी झाली.

मग खिडकीशी उभ्या असलेल्या एका बाईने विचारलं. तिच्या कडेवर मूल होतं. तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून सगळ्यांना ऐकू गेला.

"ताई, पकडला तो तोच होता का? एवढं सांगा. हो का नाही."

तोंडी परीक्षेच्या बाकासमोर उभी असलेली पोरगी पुन्हा जागी झाली. समोर दोनशे चेहरे, मागे फळा, दार लांब.

खिशातला फोन थरथरला. योगेशचाही थरथरला. त्याने बघितलं आणि जवळ येऊन स्वतःचा फोन तिच्यासमोर धरला. त्याने मघाच अश्विन सरांना गोंधळाचं कळवलं होतं. सरांचं उत्तर आलं होतं. "तोच आहे म्हणून सांगा आणि निघा. सुरक्षित निघणं महत्त्वाचं."

काही चुकीचं लिहिलं नव्हतं सरांनी. एक शब्द बोलायचा होता. हो. लोकांना तोच ऐकायचा होता, त्या बाईलाही तोच हवा होता. हो म्हटलं असतं तर कदाचित ते खरंही निघालं असतं.

तिने बाईच्या कडेवरच्या मुलाकडे पाहिलं. हो म्हटलं, की हे मूल आज संध्याकाळी अंगणात असणार होतं.

"मला माहीत नाही," अंजली म्हणाली.

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग खोली फुटली. म्हणजे दुसराच पकडला. म्हणजे तो अजून उसात हाय. म्हणजे फटाके कशाचे वाजवले. म्हणजे आठ दिस पोरं बाहेर खेळत्यात. कुणीतरी खुर्ची आपटली. दारातल्या पोरांनी लोखंडी दरवाजा ओढून घेतला आणि बाहेरून कडी घातली. "आता खरं सांगितल्याबिगर सोडायचं नाय," व्हरांड्यातून आवाज आला. योगेशने तिच्याकडे बघितलं.

अंजलीला वाटलं, सगळं समजावून सांगावं. नमुने म्हणजे काय, प्रयोगशाळा कशी चालते, किती वेळ लागतो. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण भीतीपोटी माणूस लांबण लावतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं की काहीतरी झाकतोय. तिने पाय जमिनीवर घट्ट रोवले, एक श्वास पोटापर्यंत घेतला, आणि त्या बाईकडेच बघून बोलली, कारण प्रश्न त्या बाईचा होता.

"ताई, जे माहीत आहे ते सांगते. पिंजरा घटनेच्या जागेपासून जवळ होता. पकडलेला पूर्ण वाढलेला नर आहे. म्हणून तो तोच असू शकतो. पण या पट्ट्यात एकाहून जास्त बिबटे आहेत, म्हणून तो दुसराही असू शकतो. जखमेवरचे नमुने तपासायला गेलेत. अहवाल आलेला नाही. तोवर तोच आहे असं जो कुणी सांगेल, तो अंदाज सांगतोय. मीसुद्धा अंदाज सांगू शकते. पण तुमचं मूल माझ्या अंदाजावर अंगणात सोडू नका."

"मग बातमीत कसं आलं नरभक्षक म्हणून?" रावजी ओरडले.

"बातमी मी लिहिली नाही. पण ते अजून ठरलेलं नाही, हे सांगायला मी इथे आले नव्हते, हेही खरं. तुम्ही विचारलं नसतं, तर मी बोलले नसते. ते माझं चुकलं असतं."

हे वाक्य तिने ठरवलं नव्हतं. बोलून झाल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली. पण गलका थोडा खाली आला. कबूल केलेल्या गोष्टीवर ओरडत राहणं अवघड असतं.

"कवा येणार तो अहवाल?"

"नक्की तारीख मला सांगता येत नाही. पण येत्या शनिवारी मी याच वेळेला इथे येईन. अहवाल आला तर घेऊन. नाही आला तर नाही आला, हे सांगायला."

"असे लय जण येतो म्हणून गेले."

"हो," ती म्हणाली. शपथ घेऊन काही उपयोग नव्हता.

प्रश्न येतच राहिले. काही तेच तेच, नुसते राग घेऊन आलेले. एकाच गोष्टीचं उत्तर तिसऱ्यांदा देताना तिचा आवाज चढू लागला, तेव्हा ती थांबून म्हणाली, "याचं उत्तर मघाशी दिलं तेच आहे, बदललेलं नाही." एक तरुण म्हणाला, तुमचं पोर गेलं असतं तर असं शांत उभं राहिला असता का. अंजली म्हणाली, "नाही." तो खाली बसला.

खिडकीच्या गजांतून येणारं ऊन जमिनीवरून भिंतीवर चढलं आणि पिवळं पडलं. दाराला कडी तशीच. आता खोलीतल्या बायका चुळबुळ करू लागल्या. मळ्यात लांब राहणाऱ्यांना उसामधल्या पायवाटेने जायचं होतं. पण दार उघडलं तर मॅडम निसटतील, म्हणून दारातली पोरं हटेनात, आणि आतून कुणी तोंड उघडेना. मॅडमला कोंडता कोंडता गावच कोंडलं गेलं होतं.

अंजलीने सुमनबाईंकडे पाहिलं. "सरपंच, दिवस मावळायला लागलाय. लांबच्या मळ्यातल्या लोकांना आत्ता सोडा. घोळक्याने जाऊ द्या, मुलं मध्ये घेऊन. मी जात नाही. माझी स्कूटी तुमच्या दारात आहे, किल्ली घ्या. ज्यांचे प्रश्न उरलेत त्यांच्यासोबत मी बसते."

तिने खरंच किल्ली काढली आणि सुमनबाईंच्या हातात दिली. सुमनबाई उठल्या. दाराशी जाऊन त्यांनी लोखंडी दरवाजावर थाप मारली. "उघडा रे. बाया जाऊ द्या. मॅडम हाय हितंच."

दार उघडलं. लोक बाहेर पडू लागले. खिडकीशी उभी असलेली बाई मुलाला पदराखाली घेऊन गेली.

खोलीत वीसपंचवीस माणसं उरली. पहिल्या रांगेत सावळीराम होते तसेच बसले होते. गर्दी असताना अंजलीला त्यांच्याकडे बघणं टाळता येत होतं. आता तेही उरलं नाही. मघापेक्षा तिला आताच जास्त कोंडल्यासारखं झालं.

"पोरी," ते म्हणाले, "मला एक इचारायचंय."

"विचारा, आबा."

"तू मघा तो फोटू दावला. पोरं एकटी सोडू नका म्हणून. आमची एकटी नव्हती. तिची आजी हितं, आई तितं. मधी पोर. मग आमचं काय चुकलं, ते सांग. रोज रातीला घरात हेच चालतं. म्हातारी म्हणती मी लक्ष नाय ठिवलं, सून म्हणती मी धार सोडून उठायला पायजे हुतं. तू शिकलेली. तूच सांग, कुणाचं चुकलं?"

योगेशने मान खाली घातली. अंजलीला वाटलं, रडू येईल. आलं असतं तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण म्हाताऱ्याने उत्तर मागितलं होतं, आणि तिच्या रडण्याने त्याला तिलाच सांभाळावं लागलं असतं.

ती खाली बसली, त्यांच्या पातळीवर.

"तुमच्या घरातल्या कुणाचंही चुकलं नाही, आबा," ती म्हणाली. "बिबट्या उसाच्या कडेला दबून बसला, तर दहा पावलांवरच्या माणसालाही दिसत नाही. आजी तिथेच होत्या. आई तिथेच होती. त्याहून जास्त कुणी काय करणार होतं? तो फोटो मी इथे दाखवायला नको होता. त्यातलं वाक्य वाचून कुणालाही वाटेल, की दोष घरच्यांचा. मला ते आज कळलं. मी ते बदलीन."

"मग आमी पोरं सांभाळायची कशी? धाकटा नातू हाय."

"सूर्य कलला की घरात. ओट्यावरही नाही, आत. उसाची कड अंगणापासून जेवढी लांब करता येईल तेवढी करा. शौचाला जाताना सोबत मोठं माणूस आणि बॅटरी. याने धोका कमी होतो." ती थांबली. "संपत नाही. संपतो असं मी म्हणू शकत नाही."

सावळीरामांनी मान हलवली. "खोटं नाय बोलली," ते कुणाला उद्देशून म्हणाले ते कळलं नाही. मग काठी टेकत उठले. "जरा माझ्या घरी म्हातारीला हे सांगशील का? माझं ती ऐकत नाय."

ती गेली. वैष्णवीची आजी, कुसाबाई, भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. अंजलीने तेच पुन्हा सांगितलं, त्याच शब्दांत. कुसाबाईंनी वळून पाहिलं नाही. चहा झाला तो सुनेने दिला. परत निघाली तेव्हा सुमनबाईंनी किल्ली दिली आणि गावच्या दोन मोटारसायकली हमरस्त्यापर्यंत तिच्या पुढेमागे आल्या. राखायला आल्या की पिटाळायला, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी अश्विन सर म्हणाले, "हो म्हणाली असतीस तर दहा मिनिटांत सुटली असतीस. आता सगळ्या पट्ट्यातून फोन येताहेत. तोच होता का, तोच होता का. मी काय सांगू?"

"माहीत नाही म्हणून सांगा, सर."

"तुला सोपं आहे म्हणायला."

सोपं नव्हतं, पण ती वाद घालत बसली नाही. सरांनी तिचे पुढचे दोन कार्यक्रम दुसऱ्याला दिले.

शुक्रवारी अहवाल आला. तो वाचून अंजली खुर्चीत मागे टेकली. दवाखान्यात जखम आधी धुतली गेली होती, आणि जीव वाचवायचा तर ते करायलाच हवं होतं. नमुन्यात पुरेसं काही उरलं नव्हतं. पकडलेला बिबट्या तोच की नाही, हे ठरवता येत नाही, असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे शनिवारी जाऊन ती काय सांगणार होती? पुन्हा तेच. आणि या वेळी, आता कधीच कळणार नाही, हेही.

योगेशने शेतात लावलेल्या कॅमेऱ्यांतला एक फोटो पाठवला होता. पिंजऱ्यात बिबट्या अडकल्यानंतरचा. पाटवाडीच्या पाटावरून एक मादी चालली होती, मागे एक पिल्लू. हल्ला हिनेच केला, असंही त्यावरून म्हणता येत नव्हतं. एवढंच नक्की होतं, की शेतं रिकामी झालेली नाहीत.

शनिवारी तिने स्कूटी बाहेर काढली. आई म्हणाली, "फोनवर सांग ना." ती म्हणाली, "येते म्हणून बोलले आहे." योगेश सुट्टी असूनही आला. शाळेत या वेळी पन्नासएक माणसं होती. दार उघडं होतं, पण दारातली पोरं तीच होती.

अंजलीने पडदा लावला नाही. फळ्यासमोर न थांबता ती दाराजवळच्या बाकाशी, लोकांच्या मधोमध उभी राहिली आणि आधी वाईट तेच सांगितलं. "अहवाल आला. त्यातून काही ठरत नाही. पकडलेला तोच होता की नाही, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मीही पुढे कधी सांगू शकणार नाही." मग पाटावरच्या मादीचा फोटो छापून आणला होता, तो हातोहात फिरवायला दिला.

रावजी उठले. "म्हणजे आठ दिवस थांबून हात हलवत आल्या तुमी."

"हो," अंजली म्हणाली. "हात हलवतच आले."

रावजी उभेच राहिले. फोटो त्यांच्या हातात आला, तो त्यांनी डोळ्यांजवळ धरला. "हा तर आमचा पाट," ते म्हणाले. "हितून पोरं शाळंत जातात." मग फोटो शेजाऱ्याला देत, अंजलीकडे न बघता, त्यांनी विचारलं, "हे जनावर कुठल्या वेळेला फिरतं? पोरांना सकाळी कितीला सोडायचं?"

तो प्रश्न होता. नुसता प्रश्न. अंजलीने बाक पुढे ओढला आणि बसली.

त्या दिवशी सभा लांबली नाही. उन्हं असतानाच लोक उठले. कुसाबाई आल्या नव्हत्या. सावळीराम आले होते, आणि जाताना त्यांनी धाकट्या नातवाचा हात धरला होता.